बापाने मेंढी चोरली तर मुलाने सांगावं का? कन्फ्यूशियसचा पितृधर्म आणि व्यक्तीचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्फ्यूशियसबद्दल बोलायला गेलं की एक मेंढी हटकून मध्ये येते. गेली काही वर्षं व्याख्यानांनंतर आणि पत्रांतून मला जे प्रश्न येतात, त्यांतले निम्मे या मेंढीभोवती फिरतात. म्हणून मी तिलाच धरून चाललो आहे. आईवडिलांचा मान, समाजातला सलोखा आणि एकट्या माणसाचा हक्क यांची खरी टक्कर कुठे होते, ते तिच्यामुळे लवकर दिसतं. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ही मेंढीची गोष्ट नेमकी काय आहे?

'लुनयू' म्हणजे कन्फ्यूशियसच्या शिष्यांनी जपलेल्या संवादांचा संग्रह. त्याच्या 13व्या भागात ही गोष्ट अगदी तीन-चार ओळींत येते. शे या प्रांताचा अधिकारी कन्फ्यूशियसला अभिमानाने सांगतो, "आमच्याकडे एक सरळ माणूस आहे. त्याच्या बापाने मेंढी चोरली, तर त्याने स्वतः पुढे होऊन साक्ष दिली." कन्फ्यूशियस म्हणतो, "आमच्याकडची सरळ माणसं वेगळी असतात. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो. सरळपणा त्यातच असतो."

चोरीसाठी मूळ चिनीत जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ जुन्या टीकाकारांनी असा लावला आहे: भरकटत आपल्या दारी आलेलं जनावर परत न करता ठेवून घेणं. म्हणजे हा दरोडा नव्हे. गुन्हा आहे, पण लहान आहे. खून झाला असता तर काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो प्रश्न 6 मध्ये आहे.

2. पण लपवणं म्हणजे खोटं बोलणंच ना? त्याला 'सरळपणा' कसं म्हणायचं?

इथे दोन शब्द नीट पाहावे लागतात. पहिला 'यिन', म्हणजे झाकणं, उघड न करणं. बाप घरी नव्हताच, मेंढी आमचीच आहे, असं मुलाने शपथेवर सांगावं, असा त्याचा अर्थ होत नाही. मुलगा गप्प बसतो, एवढंच मूळ मजकुरात आहे. काही अभ्यासक हा शब्द याहून सैल घेतात, पण मला गप्प राहण्याचा अर्थच मजकुराला धरून वाटतो.

दुसरा शब्द 'त्यातच'. लपवणं म्हणजेच सरळपणा, अशी व्याख्या कन्फ्यूशियस करत नाही. तो म्हणतो, सरळपणा त्याच्या पोटात आहे. बाप पकडला जाईल म्हणून मुलाचं काळीज हलतं, हे खरं आहे. ते हललंच नाही असं दाखवत चावडीवर जाऊन बोलणारा मुलगा स्वतःशी सरळ राहिलेला नाही, असा त्याचा रोख आहे. आतलं आणि बाहेरचं एक असणं हा इथे सरळपणा.

3. मग हा पितृधर्म म्हणजे आपल्या पुंडलिकासारखी मातृपितृसेवा का?

सेवेपुरतं बरंच साम्य आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत असताना दारी आलेल्या देवाला विटेवर थांबायला सांगतो. चिनी परंपरेत मुलासाठी थांबावं लागतं ते राजाला. हान फेइ या विचारवंताने एका सैनिकाची गोष्ट दिली आहे. तो तीनदा लढाईतून पळाला, कारण घरी म्हातारा बाप होता आणि आपण मेलो तर त्याला पाहणारं कुणी नव्हतं. त्या गोष्टीत कन्फ्यूशियस या पळपुट्याचा गौरव करतो. हान फेइला हे अजिबात आवडलेलं नाही, ते त्याने उघड लिहिलं आहे.

फरक असा की 'श्याव', म्हणजे आईबापांविषयीचं कर्तव्य, कन्फ्यूशियसच्या परंपरेत राज्यव्यवस्थेचाही पाया ठरतं. 'लुनयू'च्या अगदी सुरुवातीला त्याचा शिष्य योउत्झ म्हणतो की घरात आईबापांना आणि थोरल्या भावांना मानणारी माणसं वरिष्ठांविरुद्ध उठण्याची शक्यता कमी असते. हे वाक्य पुढे दोन हजार वर्षं बादशहांना फार उपयोगी पडलं. हक्कांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला संशयही इथूनच सुरू होतो, आणि तो अनाठायी नाही.

4. म्हणजे आईबाप सांगतील ते निमूटपणे ऐकायचं?

नाही. खुद्द ग्रंथांत हे इतक्यांदा नाकारलेलं आहे की गैरसमज टिकून राहिल्याचं मला वाईट वाटतं. 'लुनयू'त आईवडील चुकत असतील तर हळुवारपणे समजवावं असं म्हटलं आहे. ऐकलं नाही तरी आदर सोडू नये आणि कुरकुर करू नये, एवढी पुस्ती पुढे आहे. 'श्यावजिंग' या नंतरच्या लहानशा ग्रंथात शिष्य त्झेंगत्झ थेट विचारतो, वडिलांची आज्ञा पाळणं म्हणजे पितृधर्म का? गुरू जवळजवळ चिडून म्हणतो, "हे काय बोलणं! हे काय बोलणं!" वाद घालणारा एक मुलगा घरात असला तर बाप अधर्मात पडत नाही, असं तो पुढे सांगतो.

याच त्झेंगत्झची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खरबुजांच्या वेलाखाली खुरपताना त्याच्या हातून मूळ तुटलं. बापाने जाडजूड काठी घातली आणि तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर, आपल्याला काही झालेलं नाही हे बापाला कळावं म्हणून तो वाद्य वाजवत गायला लागला. कन्फ्यूशियसला हे कळलं तेव्हा त्याने त्याला दारातही घेतलं नाही. लहान छडी असेल तर सोसावी, मोठी काठी असेल तर पळून जावं, अशी त्याची शिकवण. त्यात तो त्झेंगत्झला विचारतो: तू सम्राटाचा प्रजाजन नाहीस का? सम्राटाचा माणूस मारला तर तो केवढा गुन्हा होतो? म्हणजे मुलगा बापाच्या मालकीचा नाही, त्याच्या जिवावर आणखी कुणाचा दावा आहे. तो दावा इथे राज्याचा आहे. मुलाचा जीव मुलाचाच आहे, असं मात्र कुणी म्हणत नाही.

5. 'सलोखा' म्हणजे सगळ्यांनी एकच सूर लावणं का?

उलट. 'लुनयू'त म्हटलं आहे की थोर माणूस सलोखा राखतो पण एकसारखा होत नाही, आणि क्षुद्र माणूस एकसारखा होतो पण सलोखा राखत नाही. 'झुओझुआन' या इतिवृत्तात, इ.स.पू. 522 च्या नोंदीत, मंत्री यान यिंग हेच राजाला स्वयंपाकघरातून समजावतो. सलोखा रश्श्यासारखा असतो: पाणी, विस्तव, आंबट, मीठ, आलुबुखारासारखं फळ, मासळी. आचारी कमी असेल ते वाढवतो आणि जास्त असेल ते कमी करतो. पाण्यात पाणी ओतून रस्सा होत नाही. राजा 'हो' म्हणाला तरी त्यातलं 'नाही' दाखवून देणारा मंत्री लागतो.

हा अर्थ राजकारणात टिकला नाही. 2004 पासून चीनच्या सत्ताधारी पक्षाने 'सलोख्याचा समाज' ही घोषणा दिली. इंटरनेटवरून मजकूर उडवला गेला की तिथले लोक 'आमचा सलोखा झाला' असं म्हणू लागले. यान यिंगच्या रश्श्यात हे बसत नाही.

6. बापाने मेंढी नव्हे, माणूस मारला तर?

हा प्रश्न कन्फ्यूशियसच्या परंपरेतला पुढचा मोठा विचारवंत मेन्शियस याला त्याच्या हयातीतच विचारला गेला. समजा दंतकथांतला आदर्श राजा शुन सम्राट आहे, गावयाव त्याचा न्यायाधीश आहे, आणि शुनच्या बापाने खून केला. काय होईल? मेन्शियस म्हणतो, न्यायाधीश त्याला पकडेल. शुन अडवणार नाही? कसा अडवेल, न्यायाधीशाला तो अधिकार वरून मिळालेला आहे. मग शुन काय करील? जुनी चप्पल टाकावी तसं राज्य टाकेल, बापाला गुपचूप पाठीवर घेऊन पळेल, समुद्रकाठी जाऊन राहील आणि आयुष्यभर राज्याची आठवणही काढणार नाही.

पायऱ्या नीट पाहिल्या तर इथे अधिकाराचा वापर कुठेच नाही. शुन माफीचा हुकूम काढत नाही, न्यायाधीशाची बदली करत नाही. बापाला वाचवायचं तर आधी सिंहासन सोडावं लागतं. नातलगांना वाचवण्यासाठी खुर्ची वापरणारे पुढारी कन्फ्यूशियसचं नाव घेतात तेव्हा हा उतारा त्यांच्यापुढे ठेवावा. पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांना मेन्शियस काय सांगणार? ते त्याने सांगितलेलं नाही. त्याच चुकलेल्या जागेबद्दल प्रश्न 14 मध्ये लिहिलं आहे.

7. चीनमध्ये या विचाराला कुणी विरोध केला नाही?

जोरदार केला. मेंढीच्या गोष्टीच्या हान फेइच्या आवृत्तीत बापाविरुद्ध बोलणाऱ्या मुलालाच अधिकारी मृत्युदंड देतो, कारण तो राजाशी सरळ पण बापाशी वाकडा वागला. हान फेइचा निष्कर्ष असा की घरचा धर्म आणि राज्याचा कायदा एकत्र नांदूच शकत नाहीत, म्हणून राज्याने कायदा निवडावा. त्याच्या लिखाणात हक्क नाहीत, फक्त शासन आहे, हे विसरू नये. कन्फ्यूशियसला विरोध केला म्हणून कुणी आपोआप व्यक्तीच्या बाजूचा होत नाही.

अलीकडे 2002 पासून चिनी विद्यापीठांत यावर कडाक्याचा वाद झाला. ल्यू छिंगपिंग यांचं म्हणणं होतं की रक्ताचं नातं सगळ्याच्या वर ठेवणारी ही वृत्ती आजच्या भ्रष्टाचाराच्या मुळाशी आहे. ग्वो छीयोंग आणि इतरांनी प्रतिवाद केला की कुटुंबातला विश्वास मोडणारा कायदा समाजही मोडतो. मला दोघांचंही अर्धं पटतं. कुठलं अर्धं, ते पुढच्या उत्तरांत दिसेल.

8. ही नुसती नीतिकथा होती, की प्रत्यक्ष कायदाही होता?

कायदा होता. इ.स.पू. 66 मध्ये हान सम्राट श्वानने हुकूम काढला की मुलाने आईबापाला, बायकोने नवऱ्याला आणि नातवाने आजीआजोबांना झाकलं तर शिक्षा नाही. 653 मध्ये थांग राजवटीने केलेल्या कायद्यांच्या संग्रहात, म्हणजे थांग संहितेत, तो आणखी रुंद झाला. एका घरात राहणाऱ्या नातलगांनी एकमेकांना झाकलं तरी गुन्हा नाही, अगदी अटक होणार असल्याची खबर आधी पोचवली तरीही. राजद्रोहाच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नव्हती. आपल्या सत्तेला धोका आला की राज्याने पितृधर्म बाजूला ठेवला.

आता आपली मेंढी थांग संहितेत नेऊन पाहू. बापाने मेंढी चोरली. मुलगा गप्प बसला: मुलाला काही नाही. पुरावा दुसरीकडून मिळाला तर बापाला चोरीची शिक्षा. इथवर ठीक. आता मुलगा न्यायाधिकाऱ्याकडे गेला आणि त्याने खरं ते सांगितलं. ज्या नातलगांना झाकण्याची मुभा आहे, त्यांनीच खबर दिली तर गुन्हेगार स्वतः हजर झाला असं कायदा धरत असे. त्यामुळे बापाची शिक्षा माफ होई. आणि मुलगा? आईबापांविरुद्ध फिर्याद करणं हाच गुन्हा, आणि त्याची शिक्षा गळा आवळून मृत्यू. म्हणजे खरी तक्रार केली तर चोर सुटतो आणि सांगणारा मरतो. मिंग काळात ही शिक्षा सौम्य झाली: तक्रार खरी निघाली तर 100 फटके आणि 3 वर्षं सक्तमजुरी, खोटी निघाली तर मृत्युदंड.

थांग संहितेतही एक फट होती. सावत्र आईने वडिलांना मारलं तर मुलाला तक्रार करता येई.

9. मग जुन्या चीनमध्ये 'साक्ष न देण्याचा हक्क' होता असं म्हणता येईल का?

माझं सगळं म्हणणं या प्रश्नाच्या उत्तरात आहे. नाही, तसं म्हणता येणार नाही, आणि कारण प्रश्न 8 मधल्या मुलाच्या गळ्याभोवती आहे. गप्प बसण्याची मोकळीक आणि गप्प बसण्याची सक्ती दुरून सारखीच दिसतात. दोन्हींत मुलगा गप्पच असतो. कोणती आहे, हे ओळखण्याची एकच खूण आहे: त्याने तोंड उघडलं तर काय होतं? काहीच होत नसेल, तर मौन त्याचं स्वतःचं आहे. फास बसत असेल, तर ते मौन बापाच्या मालकीचं आहे.

'लुनयू'तल्या त्या ओळींमध्ये सक्ती दिसत नाही, आणि बाप व मुलगा दोघंही एकमेकांना झाकतात. पुढच्या संहितांमध्ये हे पारडं मोठ्यांच्या बाजूला झुकत गेलं: लहानाने मोठ्याविरुद्ध बोलणं जास्त गंभीर, मोठ्याने लहानाविरुद्ध बोलणं कमी. चिनी भाषेत 'हक्क' या अर्थाने आज वापरतात तो 'छ्वानली' शब्दही आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या एका पाश्चात्त्य ग्रंथाच्या 1864 च्या चिनी भाषांतरातून रूढ झाला. त्याचे घटक 'सत्ता' आणि 'लाभ'. थोर माणसाला योग्य काय ते कळतं आणि क्षुद्राला लाभ काय ते, असं कन्फ्यूशियसचं वचन ज्यांना पाठ होतं, त्यांना हा शब्द कानाला कसा लागला असेल याची कल्पना करावी.

10. आधुनिक न्यायालयात या दोन विचारांची समोरासमोर गाठ कधी पडली?

सर्वात स्पष्ट गाठ पडली जपानमध्ये, 4 एप्रिल 1973 रोजी. जपानच्या दंडसंहितेत साधा खून कलम 199 मध्ये होता: मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान 3 वर्षं कैद. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या आईवडिलांचा, आजीआजोबांचा खून मात्र कलम 200 मध्ये होता, आणि त्याला दोनच शिक्षा होत्या: मृत्युदंड किंवा जन्मठेप.

तोचिगी प्रांतातल्या एका तरुणीवर तिचा बाप ती 14 वर्षांची असल्यापासून अत्याचार करत होता. तिला त्याच्यापासून मुलंही झाली. 29व्या वर्षी तिला कामावरच्या एका तरुणाशी लग्न करायचं होतं. बापाने तिला घरात कोंडलं, धमकावलं. ऑक्टोबर 1968 मध्ये तिने त्याचा गळा आवळला.

आता शिक्षेचं गणित पाहा, कारण निकाल त्यावरच फिरला. जन्मठेपेची शिक्षा कायद्याने दोनदा कमी करता येत होती, एकदा मानसिक अवस्थेमुळे आणि एकदा परिस्थितीची दया म्हणून. पहिल्या सवलतीने ती किमान 7 वर्षांवर येई, दुसऱ्या सवलतीने साडेतीन वर्षांवर. त्याखाली जाता येत नव्हतं. आणि शिक्षेची अंमलबजावणी स्थगित ठेवायची तर ती 3 वर्षं किंवा त्याहून कमी असावी लागे. म्हणजे न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी कलम 200 खाली या मुलीला तुरुंगात धाडण्यावाचून मार्ग नव्हता. खालच्या न्यायालयाने कलमच घटनाबाह्य ठरवून शिक्षा माफ केली. वरच्या न्यायालयाने ते फिरवून साडेतीन वर्षं दिली.

सर्वोच्च न्यायालयाच्या 15 न्यायाधीशांपैकी 14 जणांनी कलम 200 घटनाबाह्य ठरवलं. तिला कलम 199 खाली अडीच वर्षं मिळाली, आणि तीही स्थगित. युद्धोत्तर राज्यघटनेखाली त्या न्यायालयाने संसदेचा कायदा रद्दबातल ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

पण ते 14 एका कारणाने एकत्र आले नव्हते. त्यांतले 8 जण म्हणत होते की आईबापांविषयी आदर आणि कृतज्ञता हा समाजाचा मूलभूत नीतिनियम आहे, कायद्याने त्याला जास्त वजन देणं चूक नाही, फक्त इथे प्रमाण फार सुटलं. उरलेले 6 म्हणत होते की वेगळं कलमच समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. कन्फ्यूशियसच्या वारशाचं काय करायचं, याची आजच्या पूर्व आशियातली दोन्ही प्रामाणिक उत्तरं त्या एका निकालात शेजारी शेजारी बसली आहेत. मी त्या 6 जणांच्या बाजूचा आहे. आदर शिक्षेच्या वजनाने मोजायला लागलं की त्या मुलीसारख्या माणसाला आधी चिरडलं जातं.

संसदेने कलम 200 पुस्तकातून काढायला आणखी 22 वर्षं घेतली. ते 1995 मध्ये वगळलं गेलं. मधल्या काळात सरकारी वकिलांनी ते वापरणं थांबवलं होतं.

11. कोरियात अजूनही असे कायदे आहेत का?

आहेत, आणि तिथलं चित्र गुंतागुंतीचं आहे. दक्षिण कोरियात आईवडिलांच्या खुनाला किमान 7 वर्षांची शिक्षा आहे, साध्या खुनाला 5. तिथल्या घटना न्यायालयाने 2013 मध्ये हा फरक वैध ठरवला. शिक्षेतली दरी लहान असल्यामुळे जपानमधल्यासारखी अडचण तिथे होत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते फौजदारी प्रक्रियेचं कलम 224. आपल्या किंवा जोडीदाराच्या आईवडिलांविरुद्ध, आजीआजोबांविरुद्ध फिर्याद देता येणार नाही, असं ते सांगतं. थांग संहितेतली सक्ती, फास काढलेली. 2011 मध्ये 9 पैकी 5 न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य मानलं, पण तिथे 6 मतं लागतात, म्हणून कलम वाचलं. व्यवहारात लैंगिक आणि घरगुती हिंसेच्या कायद्यांनी त्याला अपवाद केले आहेत, आणि बहुतेक गुन्ह्यांत पोलीस फिर्यादीशिवायही तपास करू शकतात. अडकतात ते ज्या गुन्ह्यांना पीडिताची फिर्याद लागतेच ते.

दुसरीकडे, घराचा प्रमुख पुरुष आणि बाकीचे त्याच्या नोंदीखाली, ही 'होजू' पद्धत 2005 मध्ये घटना न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवली आणि 2008 च्या सुरुवातीपासून ती गेली. जवळच्या नातलगांमधल्या चोरी-फसवणुकीला शिक्षाच न देणारं कलमही जून 2024 मध्ये असंच विसंगत ठरलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका माणसाचे पैसे नातलगांनीच लुबाडले होते, तो त्या खटल्यांपैकी एक. चोरलेली मेंढी घरातल्याच माणसाची असेल तर काय होतं, ते तिथे दिसलं.

12. साम्यवादी चीनने तर हे सगळं मोडून काढलं होतं ना?

हो. सांस्कृतिक क्रांतीत मुलांनी आईबापांविरुद्ध बोलणं हे निष्ठेचं प्रमाण मानलं गेलं. 1970 मध्ये अन्हुई प्रांतात एका किशोरवयीन मुलाने आपल्या आईने घरात माओंवर टीका केल्याची खबर दिली आणि दोन महिन्यांत तिला गोळी घातली गेली. 1980 मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष ठरवलं. त्या मुलाने म्हातारपणाकडे झुकताना जाहीर माफी मागितली. मेंढीच्या गोष्टीतल्या त्या 'सरळ' मुलाचं पुढे काय होत असेल, हे मला या माणसाकडे पाहून कळलं. प्रश्न 7 मधल्या ग्वो छीयोंग यांच्या म्हणण्याचं जे अर्धं मला पटतं, ते हे.

1 जानेवारी 2013 पासून लागू झालेल्या सुधारित फौजदारी प्रक्रिया कायद्यात एक छोटीशी वाट उघडली. साक्षीदाराला न्यायालयात हजर राहण्याची सक्ती करता येते, पण आरोपीचा पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुलं यांना नाही. वर्तमानपत्रांनी 'कन्फ्यूशियस परतला' म्हणून त्याचं स्वागत केलं. मर्यादा मोठी आहे. सूट फक्त न्यायालयात उभं राहण्यापुरती आहे, पोलिसांना जबाब देण्यापासून नाही. ऑगस्ट 2013 मध्ये सत्ताधारी पक्षाचे माजी बडे नेते बो शीलाय यांच्या खटल्यात हे उघडं पडलं. त्यांच्या पत्नीचा जबाब चित्रफितीवरून पुढे ठेवला गेला, त्यांनी तिला समोर आणण्याची मागणी केली, पण तिने यायला नकार दिल्याचं न्यायालयाने सांगितलं. नात्याचं रक्षण करायला आणलेली सूट आरोपीच्या उलटतपासणीच्या हक्काआड आली. बोलणं आधीच काढून घेतलं होतं, फक्त समोरासमोर बसणं टळलं.

13. हक्कांच्या परंपरेत असं काही नाही का? आणि आपल्याकडे?

जर्मनीत आरोपीच्या जवळच्या नातलगांना साक्ष नाकारण्याचा हक्क आहे, आणि तो प्रश्न 9 मधल्या खुणेला उतरतो: हवं तर बोला, नको तर नका, दोन्हींना शिक्षा नाही. कन्फ्यूशियसच्या मूळ ओळींना साजेसा कायदा मला तिथे सापडतो.

भारतात पती-पत्नींमधल्या खाजगी बोलण्याला संरक्षण आहे, आईबाप आणि मुलांमधल्या बोलण्याला तसं नाही. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, आणि त्यातून सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला. म्हणजे फरारी बापाला माळ्यावर लपवणारा मुलगा आपल्या कायद्यात गुन्हेगार ठरतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मानवी हक्क ही सगळी पश्चिमेची आयात, असंही विचारलं जातं. मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुदा समितीचे उपाध्यक्ष फंगचुन चांग हे चिनी तत्त्वज्ञ होते. पहिल्या कलमात बुद्धीच्या जोडीला 'सदसद्विवेक' आला तो, समोरच्याला माणूस म्हणून ओळखणं या कन्फ्यूशियन कल्पनेचा त्यांनी आग्रह धरल्यामुळे. त्याच कलमातल्या 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' व्हावं म्हणून झटल्या त्या मुंबईच्या हंसा मेहता.

आईबापांना पोटगी देण्याच्या कायद्यांबद्दलही पत्रं येतात, त्यावर इथे थोडक्यातच. सिंगापूरने 1995 मध्ये तसा कायदा केला, आपण 2007 मध्ये. त्याआधीच 1987 मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी असल्याचं सांगितलं होतं. सिंगापूरच्या कायद्यातलं एक कलम मला योग्य वाटतं: ज्या पालकाने मुलाला टाकलं, छळलं किंवा त्याची हेळसांड केली, त्याचा दावा तिथलं न्यायाधिकरण फेटाळू शकतं.

14. या सगळ्यात मेंढीच्या मालकाचं काय?

हा प्रश्न मला एका शेतकरी श्रोत्याने विचारला, आणि इतकी वर्षं हे वाचूनही तो मला आधी सुचला नव्हता. 'लुनयू'त मालक नाही. शेचा अधिकारी त्याचं नाव घेत नाही, कन्फ्यूशियसही नाही.

परंपरेतून उत्तर रचायचं तर साहित्य आहे. मुलाने बापाला हळुवारपणे समजवायचं आहे (प्रश्न 4), म्हणजे मेंढी परत जाण्याचा रस्ता घरातूनच निघतो. रात्री दावं सोडून तिला मालकाच्या गोठ्यापर्यंत हाकलत नेणारा मुलगा बापाला झाकतोही आणि मेंढीही परत करतो. चावडीवर उभं राहण्यापेक्षा हे मला अधिक सरळ वाटतं. पण बापाने ऐकलं नाही, मेंढी तोवर कापली गेली, तर? तेव्हा मालकाच्या हातात मुलाचा चांगुलपणा सोडून काहीतरी असायला हवं. त्याला स्वतः जाऊन फिर्याद देता आली पाहिजे, त्याचं ऐकलं गेलं पाहिजे, भरपाई मिळाली पाहिजे. आणि तपास मुलाला न पिळता, पावलांच्या खुणांवरून, लोकरीवरून, शेजाऱ्यांच्या जबाबावरून झाला पाहिजे. त्याला वेळ जास्त लागतो. काही मेंढ्या सापडतही नाहीत.